तक्ता वाचता येतो, उंबरठा दिसत नाही

*“माझं वय ३९. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. लहानपणापासून रातांधळेपणा होता. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला, रेटिनायटिस पिगमेंटोसा. चष्मा लावून उजवा डोळा ६/१२ आणि डावा ६/१८ आहे, पण फील्ड टेस्टमध्ये ‘केंद्राभोवती जेमतेम १५ अंश’ असं आलंय. समोरचं वाचते, पण बाजूचं काहीच दिसत नाही. उंबरठे, मुलं, उघडे राहिलेले ड्रॉवर, सगळ्यांना धडकते. मागच्या वर्षी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात गेले. तिथल्या एकाने तक्ता वाचायला लावला. पाच ओळी वाचल्यावर म्हणाला, ‘एवढं वाचता, कसलं अपंगत्व? टक्केवारी शून्य येईल.’ मी फॉर्म न भरताच परत आले. घरचे म्हणतात, बरंच झालं, असा शिक्का बसला तर नोकरीवर गदा येईल. आणखी नजर गेली की बघू, तेव्हा टक्केही जास्त मिळतील. मी थांबावं का? आणि मिळालं तर नेमका उपयोग काय?”*

ताई, थांबू नका.

रुग्णालयातल्या त्या माणसाने सांगितलेलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते तुम्हाला पटलं असावं. नुसती तक्त्यावरची नजर धरली तर तुमची टक्केवारी खरंच शून्य येते. पण कायदा नजर दोन वाटांनी मोजतो आणि त्याने एकच वाट पाहिली. मी दिव्यांग शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. काठी टेकत आलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. तुमच्यासारखं कोणी ताठ चालत येऊन, समोरच्या पाटीवरचं वाचून खुर्चीवर बसलं, की मात्र टेबलामागच्यांच्या भुवया वर जातात. पुढे तीच व्यक्ती उठताना शेजारच्या बाकावर आदळते, पण तोवर भुवया खाली आलेल्या असतात.

टक्केवारी कशी ठरते ते आधी नीट समजून घ्या, कारण घरच्यांचं म्हणणं आणि तुमची भीती या दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चष्म्याच्या नंबराचा आणि अपंगत्वाच्या टक्क्यांचा काही संबंध नाही. उणे १४ नंबर असलेल्या माणसाला चष्म्यातून ६/९ दिसत असेल तर त्याची टक्केवारी शून्य. नजर नेहमी शक्य तितका चांगला चष्मा लावूनच मोजतात. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर तुम्हाला ६ मीटरवरून दिसतं. खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी.

दुसरी गोष्ट, दोन्ही डोळ्यांचे टक्के काढून त्यांची बेरीज किंवा सरासरी होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलेला तक्ता आहे. त्यात चांगला डोळा कोणत्या पट्ट्यात बसतो हे आधी पाहतात आणि मग वाईट डोळ्यावरून त्या पट्ट्यातली नेमकी पायरी ठरते. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा असेल, तर दुसऱ्या डोळ्याचं काहीही झालं तरी टक्केवारी ३० च्या वर जात नाही. चांगला डोळा ६/२४ ते ६/६० मध्ये असेल तर वाईट डोळ्याप्रमाणे ४०, ५० किंवा ६०. चांगला डोळा ६/६० पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर ७० किंवा ८०. त्याच्याही खाली गेला की ९०. दोन्ही डोळ्यांना फक्त हाताची हालचाल किंवा उजेड कळत असेल, किंवा तेही कळत नसेल, तर १००.

त्या ३० टक्क्यांवर जरा थांबते, कारण या सदराकडे सर्वाधिक नाराजीची पत्रं त्यावरूनच येतात. अपघातात एक डोळा पूर्ण गेलेला माणूस गृहीत धरतो की एक डोळा म्हणजे निम्मी नजर, म्हणजे ५० टक्के. दुसरा डोळा धड असेल तर त्याला ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळतं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे ते कागद म्हणून खरं असलं तरी सवलतीच्या खिडकीवर चालत नाही. मला स्वतःला हा नियम कठोर वाटतो. एका डोळ्यावर आल्याने खोलीचा अंदाज जातो, जिन्याची शेवटची पायरी चुकते. पण नियम तसा आहे, आणि त्या माणसाने प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाशी भांडून ३० चे ४० होत नाहीत.

आता तुमची वाट. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन्हींच्या व्याख्येत तक्त्यावरच्या नजरेइतकंच वजन दृष्टिक्षेत्राला दिलं आहे. दृष्टिक्षेत्र म्हणजे मान आणि डोळा न हलवता एका वेळी केवढा परिसर दिसतो ते. ते ४० अंशांपेक्षा कमी उरलं तर अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी उरलं तर अंधत्व, मग समोरची अक्षरं कितीही स्वच्छ दिसोत. टक्केवारीच्या तक्त्यातही हेच आहे. क्षेत्र ४० पेक्षा कमी आणि २० पर्यंत असेल तर ते ६/२४ ते ६/६० च्या पट्ट्यात धरतात. २० पेक्षा कमी आणि १० पर्यंत असेल तर ७०–८० च्या पट्ट्यात, आणि १० पेक्षा कमी असेल तर ९० मध्ये. दोन वाटांपैकी जी जास्त अपंगत्व दाखवते ती धरायची. तुमच्या आजारात पडद्याच्या कडेच्या पेशी आधी जातात आणि मधला भाग बराच काळ टिकतो. म्हणून तक्ता वाचता येतो आणि उंबरठा दिसत नाही. नळीतून बघावं तसं.

तुमचे आकडे यात बसवून पाहू. ६/१२ आणि ६/१८, दोन्ही पहिल्या ओळीत: शून्य टक्के. दृष्टिक्षेत्र दोन्ही डोळ्यांत १५ अंश, म्हणजे २० ते १० चा पट्टा: ७० टक्के. शून्य आणि ७० यांच्यामध्ये फक्त एका फील्ड टेस्टचा कागद आहे, आणि मागच्या वर्षी तो कोणी पाहिलाच नाही.

पण त्या कागदावरचं ‘केंद्राभोवती १५ अंश’ हे शब्द मला अस्वस्थ करतात. हे १५ अंश मधल्या बिंदूपासून एका बाजूला मोजलेत, की या टोकापासून त्या टोकापर्यंत? मशीनच्या छापील कागदावर आकडे मध्यापासून बाहेर मोजलेले असतात. ३०-२ नावाची चाचणी असेल तर ती मध्यापासून प्रत्येक बाजूला ३० अंश तपासते. तुमच्या नजरेचं बेट मध्यापासून दोन्हीकडे साडेसात अंश असेल तर एकूण कोन १५ अंश. ते दोन्हीकडे पंधरा-पंधरा असेल तर एकूण ३०, आणि मग ओळ बदलून ४० टक्क्यांची होते. मी इथे कायद्यातल्या शब्दांप्रमाणे पूर्ण कोन धरला आहे. बोर्डातले डॉक्टर कधी मध्यापासूनचं अंतर धरून वाचतात, आणि मग तोच कागद वेगळी टक्केवारी देतो. तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि अहवालावर एक सरळ वाक्य लिहून घ्या: उजव्या डोळ्याचं उरलेलं क्षेत्र मध्यापासून अमुक अंश, एकूण अमुक अंश, डाव्याचं तमुक. बोर्डासमोर वाद घालू नका. ‘आपण कोणतं माप धरलंत?’ एवढंच विचारा. हा प्रश्न विचारणारा माणूस समोर असला की कागद जरा नीट वाचला जातो.

फील्ड टेस्ट जुनी असेल तर नवी करून घ्या आणि ती ताज्या डोक्याने करा, शक्यतो सकाळी. ठिपका दिसला की बटण दाबायचं, हे दहा-पंधरा मिनिटं एकटक बघत करणं सोपं नाही. दमलेला माणूस नजर हलवतो. मशीन हे सगळं नोंदवतं: नजर मध्यावरून किती वेळा ढळली, ठिपका नसताना किती वेळा बटण दाबलं. नजर ढळण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं की कागदावर त्या आकड्याशेजारी फुल्या येतात. असा कागद बोर्ड बाजूला ठेवतं, आणि ते चूक नाही, कारण क्षेत्र कमी असल्याचं सोंग करणारेही येतात. तुमच्या कागदावर फुल्या असतील तर चाचणी पुन्हा करायला सांगा. आधी पाच मिनिटांचा सराव मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. सोबत पडद्याचा फोटो, ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन आणि झाली असेल तर ईआरजी जोडा. ईआरजीत तुम्हाला काहीच सांगायचं नसतं, पडदा उजेडाला विजेच्या भाषेत काय उत्तर देतो ते यंत्र मोजतं. त्यामुळे ‘खरंच दिसत नाही ना?’ हा प्रश्न तिथे मिटतो.

आणखी एक. तुमच्या आजारात मोतीबिंदू लवकर येतो, बहुधा भिंगाच्या मागच्या बाजूला. तसा असेल तर बोर्ड आधी शस्त्रक्रिया करून या म्हणू शकतं, कारण ज्याने नजर सुधारू शकते ते उपचार झाल्याशिवाय कायमची टक्केवारी देत नाहीत. किंवा मुदतीचं प्रमाणपत्र देतात. अर्जाआधीच डॉक्टरांकडून मोतीबिंदू आहे का, आणि काढला तर क्षेत्र वाढेल का, हे लिहून घेतलंत तर एक फेरी वाचेल. क्षेत्र वाढणार नाही, पडदाच गेला आहे, असं लिहिलेलं असलं की कायमस्वरूपी प्रमाणपत्राला आधार मिळतो.

अर्ज ऑनलाइन आहे, swavlambancard.gov.in वर, आणि त्याला शुल्क नाही. सेतू केंद्रात जाऊन भरलात तर ते भरणावळ घेतात, तेवढीच. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय अहवाल लागतात. दोन ठिकाणी चुका होतात. एक नावात: आधारवर लग्नानंतरचं नाव आणि सेवापुस्तकात माहेरचं, असं असेल तर आधी ते जुळवा, नाहीतर पुढे आस्थापना शाखा ते प्रमाणपत्र तुमचंच आहे का म्हणून पुरावे मागत बसेल. दुसरी चूक अपंगत्वाच्या प्रकारात. ‘Blindness’ आणि ‘Low Vision’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. तुमचं क्षेत्र १० अंशांच्या वर आहे, म्हणजे ‘Low Vision’ निवडा. अर्जाचा क्रमांक आला की तो लिहून ठेवा. मागच्या वर्षी तुम्ही फॉर्म न भरता परतलात, म्हणजे सरकारी दप्तरात तुम्ही गेलाच नाहीत. अर्ज नोंदला असता तर त्यांना लेखी कारण द्यावं लागलं असतं. तोंडी ‘शून्य येईल’ याविरुद्ध दाद मागता येत नाही.

राहत्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडा किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथलं, जर ते प्रमाणपत्र देण्यासाठी नेमलेलं असेल तर. मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर मी ते सुचवीन, कारण तिथे फील्ड टेस्टचं मशीन आवारातच असतं. छोट्या रुग्णालयांत ते नसतं, आणि मशीन नसलं की तक्त्यावरच भागवण्याकडे कल जातो. बहुतेक ठिकाणी आठवड्यातला ठरावीक वार असतो, तो फोन करून विचारा. अर्जावर निर्णय द्यायला पूर्वी महिन्याची मुदत होती. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या दुरुस्तीने ती तीन महिने केली. त्याच दुरुस्तीमुळे दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो, म्हणून पोर्टलवर स्थिती बघत राहा. टक्केवारी चुकीची वाटली किंवा अर्ज नाकारला, तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. अपिलात ‘मला जास्त त्रास होतो’ यापेक्षा ‘माझं क्षेत्र मोजलंच गेलं नाही’ हा मुद्दा चालतो.

आता घरच्यांची भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण खासगी नोकरीत ती अगदीच निराधार नसते. पण तुम्ही जिल्हा परिषदेत आहात, आणि तुमच्या बाबतीत कायदा नेमका उलटं सांगतो. त्याच कायद्याच्या कलम २० (४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, खालच्या पदावरही नेऊ शकत नाही. आत्ताचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या कामावर घ्यायचं, आणि तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी होईल ते, अधिसंख्य म्हणजे मंजूर संख्येपलीकडच्या जादा पदावर ठेवायचं. स्थानिक स्वराज्य संस्था या व्याख्येत येतात. म्हणजे प्रमाणपत्र नसण्यातच धोका आहे. आज तुम्ही फाईल चुकीच्या टेबलावर ठेवलीत किंवा नोंद सुटली, तर तो हलगर्जीपणा ठरतो आणि ज्ञापन येतं. उद्या प्रमाणपत्र असेल तर तुम्हाला संगणकाचा मोठा स्क्रीन, पुरेसा उजेड, फिरतीऐवजी बैठं काम लेखी मागता येतं.

‘आणखी गेली की बघू’ हे म्हणूनच मला पटत नाही. टक्के वाढतील खरे, पण वाढलेली टक्केवारी नंतर पुन्हा तपासून घेता येते. आज काढलं म्हणून उद्याचा मार्ग बंद होत नाही. उलट मधल्या वर्षांत काही घडलं आणि कागद नसला, तर तेव्हा तुमची नजर किती होती हे मागे जाऊन सिद्ध करणं फार कठीण.

पुढचा प्रश्न सवलतींचा. इथे तुमच्या अपेक्षा थोड्या खाली आणाव्या लागतील. ४० टक्के हा मोठा उंबरठा आहे आणि ७० आले तर तुम्ही तो ओलांडता, पण प्रत्येक सवलतीची स्वतःची वेगळी अट असते.

एसटीत ४० टक्क्यांपासून साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांपासून सोबत्यालाही ५० टक्के. तुमचे ७० आले तर दोन्ही मिळतील, ४० आले तर फक्त पहिली. ते ‘एकूण कोन’ लिहून घेणं इथे रोज तालुक्याच्या गावी जाणाऱ्याला रोख पैशात दिसतं. रेल्वेची सवलत मात्र तुम्हाला नाही. ती दृष्टी पूर्ण गेलेल्यांसाठी आहे, अल्पदृष्टीवाल्यांसाठी नाही, आणि त्यासाठी प्रमाणपत्रही रेल्वेच्या नमुन्यातलं लागतं. प्रमाणपत्रासोबत मिळणारं पिवळ्या पट्टीचं दिव्यांग कार्ड दाखवून रेल्वेच्या खिडकीवर हुज्जत घालणारे आणि अपमान होऊन परतणारे मी पाहिलेत. ती पट्टी फक्त टक्केवारीचा गट सांगते: ४० च्या खाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी, ८० पासून निळी.

आयकरात ८०यू म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० पासून सव्वा लाख. पण ती फक्त जुन्या कररचनेत. तुम्ही जुन्या रचनेत २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह साधारण १५,६०० रुपये वाचतात. नव्या रचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, आणि कनिष्ठ सहायकाचा पगार त्याच्या आतच बसतो. म्हणजे या वजावटीसाठी जुन्या रचनेत राहण्याचा हट्ट करू नका, आधी दोन्हीचा हिशेब मांडा. व्यवसाय कराची सूट त्यापेक्षा सोपी. वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात, ते थांबवण्यासाठी प्रमाणपत्राची प्रत पगार बिल करणाऱ्याकडे द्या. आस्थापना शाखेत दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या जादा दराच्या वाहतूक भत्त्याबद्दल त्याच वेळी विचारा. बऱ्याच जणांना तो कोणी आपणहून सांगत नाही.

नोकरीतल्या आरक्षणाचं थोडक्यात: सरकारी पदांत दिव्यांगांसाठी ४ टक्के असतात, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी मिळून. तुम्ही पुढे एखादी परीक्षा देणार असाल तर तासाला २० मिनिटं जादा वेळेचीही तरतूद आहे.

प्रमाणपत्र कार्यालयात दिलंत की त्याची पडताळणी होईल, हे गृहीत धरा. खोट्या प्रमाणपत्रावर सवलत घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ९१ मध्ये आहे, त्यामुळे पडताळणीचं वाईट वाटून घेऊ नका. सगळे मूळ अहवाल, विशेषतः फील्ड टेस्टचे जुने-नवे कागद, एका फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. कोणीतरी कधीतरी पुन्हा म्हणणारच आहे, ‘पण तुम्ही तर वाचता.’ तेव्हा शेवटचा कागद वर असू द्या. कार्यालयाने कलम २० डावलून त्रास दिला तर तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करायची असते, आणि त्यांनाही तारखेचे कागदच लागतात.

बोर्डाच्या दिवशी सोबत कोणाला तरी न्या. फक्त रस्त्यासाठी नाही. ‘घरात काय होतं?’ असं डॉक्टरांनी विचारलं की तुमच्यासारख्या बायका ‘जमतं सगळं’ म्हणून मोकळ्या होतात. शेजारी बसलेल्याने सांगायला हवं की परवा कपाटाचं दार कपाळाला लागलं. डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतील, म्हणून परतताना ऊन असेल तर काळा चष्मा ठेवा आणि त्या दिवशी रजा टाका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. पत्रात दुचाकीचा उल्लेख नाही, पण तुमच्या वयाच्या नोकरदार बाईकडे स्कूटी असतेच. १५ अंशांच्या क्षेत्रात डावीकडून येणारी सायकल तुमच्यासमोर येईपर्यंत अस्तित्वातच नसते. चालवत असाल तर किल्ली आजच नवऱ्याकडे द्या, प्रमाणपत्र यायची वाट न बघता.